लांब उडीचे टप्प्याटप्प्याने अध्यापन : नवशिक्यांसाठी धाव, टेक-ऑफ, उड्डाण व अवतरण

सन 2003 मध्ये पॅरिस येथे झालेल्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत अंजू बॉबी जॉर्ज यांनी 6.70 मीटर लांब उडी मारून कांस्यपदक मिळविले. या स्पर्धेत भारताला मिळालेले ते पहिलेच पदक होते. अशी उडी पाहणाऱ्याच्या नजरेत भरते ती हवेतील झेप. तथापि उडीचे अंतर प्रामुख्याने पाय जमिनीवरून सुटण्यापूर्वीच ठरलेले असते. धावताना मिळविलेला वेग आणि तो वेग फारसा न गमावता शरीराला वर उचलणारा क्षणभराचा टेक-ऑफ, या दोन गोष्टींवर उडीची लांबी अवलंबून असते.

यावरून असा समज होऊ शकतो की, नवशिक्याला प्रथम लांब व वेगवान धाव शिकवावी आणि मग फळीवरून उडी मारावयास सांगावे. अनेक शाळांच्या मैदानांवर नेमके हेच घडते. वर्गातील मुले तीस मीटरवरून जोरात धावत येतात, फळीजवळ येताच अडखळत पावले आखूड करतात आणि कशीबशी वाळूत पडतात. शिकविण्याचा क्रम प्रत्यक्ष उडीतील क्रमापेक्षा वेगळा असावा लागतो, हे या पद्धतीत लक्षात घेतलेले नसते. प्रस्तुत लेखात हा क्रम कोणता, तो तसा का, आणि प्रत्येक टप्प्यावर चूक कशी ओळखावी, याचा विचार केला आहे.

उडीचे चार भाग आणि त्यांमागील गणित

अभ्यासाच्या सोयीसाठी लांब उडीचे धाव, टेक-ऑफ, उड्डाण व अवतरण असे चार भाग मानले जातात. पाय जमिनीवरून सुटताच शरीराचा गुरुत्वमध्य एका निश्चित वक्र मार्गाने जाऊ लागतो. हवेत हातपाय कसेही हलविले तरी हा मार्ग बदलत नाही. तो ठरतो तो सुटण्याच्या क्षणी असलेला पुढचा वेग, वरचा वेग आणि गुरुत्वमध्याची उंची यांवरून. हवेतील हालचालींचे काम वेगळे आहे. शरीराचा तोल राखणे आणि पाय योग्य वेळी पुढे आणणे, एवढेच त्यांच्याकडून साध्य होते.

येथे परीक्षार्थींना हमखास गोंधळात टाकणारा एक मुद्दा येतो. फेकलेली वस्तू 45 अंशांच्या कोनात सर्वांत दूर जाते, असे भौतिकशास्त्रात शिकविले जाते. मग लांब उडी मारणाऱ्याचा कोन साधारण 18 ते 22 अंशच का असतो? त्याचे उत्तर असे की, 45 अंशांसाठी वरचा वेग पुढच्या वेगाइतकाच असावा लागेल. धावणाऱ्या माणसाला एका पायाच्या एका रेट्यात तेवढा वरचा वेग मिळविता येत नाही. तसा प्रयत्न केल्यास त्याला पुढचा वेगच मोठ्या प्रमाणात गमवावा लागतो.

एका साध्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एका विद्यार्थिनीचा सुटण्याच्या क्षणीचा पुढचा वेग सेकंदाला 6 मीटर आणि वरचा वेग सेकंदाला 2 मीटर आहे असे समजू. वाळूत उतरताना तिचा गुरुत्वमध्य सुटण्याच्या क्षणापेक्षा सुमारे अर्धा मीटर खाली असतो. या हिशेबाने ती सुमारे 0.58 सेकंद हवेत राहते आणि तेवढ्या वेळात तिचा गुरुत्वमध्य सुमारे 3.5 मीटर पुढे जातो. आता तिला ‘उंच उडी मार’ असे सांगितले. तिने फळीवर पाय रोवून वरचा वेग 2.3 मीटरपर्यंत वाढविला, पण त्या रोवण्यात पुढचा वेग 5.2 मीटरवर आला. हवेतील वेळ 0.63 सेकंद झाला, परंतु अंतर मात्र सुमारे 3.3 मीटरच राहिले. ती अधिक उंच गेली आणि तरीही वीस सेंटिमीटर मागे पडली.

टेक-ऑफ शिकविण्यातील खरी अडचण याच हिशेबात आहे. निष्णात खेळाडूचा पाय फळीवर जेमतेम 0.12 सेकंद टेकलेला असतो. धाव जितकी वेगवान, तितका हा वेळ कमी. नवशिक्याच्या पायाला इतक्या थोड्या वेळात शरीर उचलण्याची सवय नसते. म्हणून धाव किती असावी, हे विद्यार्थी किती जोरात धावू शकतो यावरून ठरवायचे नसते, तर त्याचा टेक-ऑफ किती वेग पेलू शकतो यावरून ठरवायचे असते. पुढील सर्व टप्पे या एका सूत्रावर आधारलेले आहेत.

पहिला टप्पा : वाळू आणि अवतरण

अध्यापनाची सुरुवात उडीच्या शेवटच्या भागापासून करणे हिताचे ठरते. पडण्याची भीती मनात असलेला विद्यार्थी टेक-ऑफच्या क्षणीच शरीर आखडून घेतो. वाळूत सुरक्षित कसे उतरायचे हे एकदा अंगवळणी पडले की, ही भीती पुढील टप्प्यांच्या आड येत नाही.

त्यापूर्वी हौदाची तयारी आवश्यक आहे. वाळू फावड्याने किमान 30 सेंटिमीटर खोलीपर्यंत उकरून भुसभुशीत करावी. काचा, खडे, काटक्या वेचून काढाव्यात. वाळू किंचित ओलसर असावी, म्हणजे टाचांची खूण स्पष्ट उमटते. वाळूची पातळी धावमार्गाच्या पातळीइतकी राखावी. फावडे व दंताळे हौदाच्या काठावर न ठेवता दूर ठेवावे.

पहिला सराव जागेवरून दोन्ही पायांनी मारायच्या लांब उडीचा असतो. विद्यार्थी हौदाच्या काठावर उभा राहतो, हात मागे नेऊन गुडघे वाकवितो आणि पुढे झेप घेतो. उतरताना टाचा प्रथम वाळूला लागाव्यात, पाय एकमेकांजवळ असावेत आणि टाचा टेकताच गुडघे सैल सोडून नितंब टाचांनी केलेल्या खड्ड्याकडे सरकू द्यावेत. हात पुढे व खाली ओढल्याने शरीराला पुढे जाण्यास मदत होते. गुडघे ताठ ठेवून उतरणारा विद्यार्थी मागे बसतो. ही चूक ओळखणे अगदी सोपे आहे. वाळूत टाचांच्या खुणेच्या मागे नितंबाची किंवा तळहाताची दुसरी खूण दिसते.

ही दुसरी खूण किती महाग पडते, हे विद्यार्थ्यांना टेप लावून दाखवावे. उडीचे मोजमाप शरीराच्या कोणत्याही भागाने वाळूत केलेल्या, टेक-ऑफ रेषेला सर्वांत जवळ असलेल्या खुणेपासून होते. टाचा 3.60 मीटरवर पडल्या आणि हात मागे 3.30 मीटरवर टेकला, तर उडी 3.30 मीटरचीच नोंदली जाते.

दुसरा टप्पा : लहान धावेवरून टेक-ऑफ

प्रथम प्रत्येक विद्यार्थ्याचा उडीचा पाय निश्चित करावा. विद्यार्थ्याला तीन-चार पावले चालत येऊन सहज उडी मारावयास सांगावे आणि तो आपसूक कोणत्या पायावरून उडतो ते पाहावे. मग दुसऱ्या पायावरूनही तीच उडी मारावयास लावून तुलना करावी. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांपैकी अनेक जण डाव्या पायावरून उडतात, पण तसा नियम नाही. या लेखातील पुढील उदाहरणांत उडीचा पाय डावा गृहीत धरला आहे.

त्यानंतर चार पावलांची संथ धाव घेऊन टेक-ऑफचा सराव सुरू होतो. येथे फळी वापरू नये. चुन्याने सुमारे एक मीटर रुंदीचा पट्टा आखावा आणि त्या पट्ट्यात कोठेही पाय पडला तरी चालेल असे सांगावे. नजर फळीवर खिळली की पावलांची लय बिघडते. पट्टा रुंद असल्यास विद्यार्थ्याचे लक्ष पाय कोठे पडतो याऐवजी तो कसा पडतो याकडे राहते.

या सरावात तीन गोष्टी पाहाव्यात. उडीचा पाय संपूर्ण तळव्यावर, झटकन पडावा. टाच रोवून किंवा चवड्यावर नव्हे. मोकळ्या पायाची मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत वर यावी आणि क्षणभर तेथेच थांबावी. छाती वर व नजर समोर असावी. या सरावाचे अवतरणही मुद्दाम वेगळे ठेवले जाते. दोन्ही पाय एकत्र आणण्याऐवजी विद्यार्थी मोकळा पाय पुढे ठेवूनच वाळूत उतरतो आणि तसाच धावत पुढे निघून जातो. पुढे निघून जाता आले, तर टेक-ऑफमध्ये वेग टिकला असे समजावे. वाळूत पाय पडताच जो तेथेच थांबतो किंवा मागे झुकतो, त्याने टेक-ऑफच्या वेळी ब्रेक लावलेला असतो.

शेवटच्या दोन पावलांविषयी विशेष काळजी घ्यावी लागते. चांगल्या उडीत शेवटून दुसरे पाऊल थोडे लांब पडते, त्यावर गुरुत्वमध्य किंचित खाली येतो, आणि शेवटचे पाऊल आखूड व अधिक जलद असते. पुस्तकातील हे वर्णन जसेच्या तसे विद्यार्थ्याला सांगितल्यास तो शेवटून दुसरे पाऊल ताणून टाकतो आणि वेग घालवितो. त्यापेक्षा ‘शेवटचे पाऊल लवकर टाक’ एवढीच सूचना द्यावी. शिक्षकाने टाळ्यांच्या ठेक्यावर ही लय ऐकवावी आणि शेवटच्या दोन टाळ्या एकमेकींच्या अधिक जवळ वाजवाव्यात. पाऊल लवकर पडले की योग्य लांबी आपोआप येते.

वर उचलण्याची भावना न येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी टेक-ऑफच्या पुढे, अपेक्षित उडीच्या साधारण निम्म्या अंतरावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर सैल इलॅस्टिक दोरी धरता येते. दोरी आडवी बांधू नये. पाय अडकताच सुटेल अशी धरावी. या साधनालाही मर्यादा आहे. दोरी कमरेपर्यंत नेली की विद्यार्थी लांब उडी सोडून उंच उडी मारू लागतो, आणि वर पाहिलेल्या गणिताप्रमाणे पुढचा वेग गमावतो.

तिसरा टप्पा : हवेतील तोल

टेक-ऑफच्या क्षणी पाय जमिनीवर थांबतो, परंतु धड पुढे जातच राहते. त्यामुळे शरीराला पुढच्या बाजूने गरगरण्याची गती मिळते. अडखळून पडणारा माणूस तोंडावर आपटतो, त्याच्यासारखाच हा प्रकार आहे. हवेत आधार नसल्याने ही परिवलनगती नाहीशी करता येत नाही. तिचा परिणाम मात्र कमी करता येतो. शरीर आखडून घेतले की गरगरणे वाढते आणि लांब ताणले की मंदावते.

नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक यावरून समजते. उडताच दोन्ही गुडघे पोटाशी घेणे त्यांना स्वाभाविक वाटते. पण त्यामुळे धड पुढे झुकते, पाय खाली जातात आणि टाचा अपेक्षेपेक्षा लवकर वाळूत रुततात. हवेत बराच काळ आहोत असे वाटूनही उडी आखूड भरते, त्याचे कारण हेच.

यावर उपाय म्हणजे दुसऱ्या टप्प्यात शिकलेली स्थिती अधिक काळ टिकविणे. मोकळा पाय पुढे, उडीचा पाय मागे, धड सरळ, ही अवस्था उड्डाणाच्या निम्म्याहून अधिक काळ ठेवावी आणि त्यानंतरच मागचा पाय पुढच्या पायाजवळ आणून दोन्ही टाचा पुढे न्याव्यात. ही क्रिया सहा पावलांच्या धावेवरून करता येऊ लागली की, पुढे ‘हँग’ पद्धत शिकविता येते. तीत मोकळा पाय खाली सोडून, हात वर नेऊन शरीर क्षणभर ताणलेले ठेवले जाते.

हवेत धावल्यासारखे पाय चालविण्याची ‘हिच-किक’ पद्धत नवशिक्यांना का शिकवू नये, असा प्रश्न परीक्षेत विचारला जाऊ शकतो. हातापायांच्या फिरण्यात शरीराची परिवलनगती सामावून घेणे हे तिचे तत्त्व. परंतु ती पूर्ण करण्यास पुरेसा वेळ हवेत मिळावा लागतो. साडेतीन मीटर उडी मारणाऱ्या विद्यार्थ्याला जेमतेम 0.6 सेकंद मिळतो. तेवढ्यात हवेतील पावले पुरी करण्याच्या नादात टाचा पुढे आणण्यास वेळच उरत नाही.

चौथा टप्पा : धाव वाढविणे व मोजणे

टेक-ऑफ व अवतरण स्थिर झाल्यावर धाव दोन-दोन पावलांनी वाढवावी. डावा पाय सुरुवातीच्या खुणेवर ठेवून पहिले पाऊल उजव्या पायाने टाकले, तर प्रत्येक सम क्रमांकाचे पाऊल डाव्या पायाचे असते. म्हणून चार, सहा, आठ, दहा अशी वाढ सोयीची ठरते. प्रत्येक वेळी उडी फळीपासून न मोजता, प्रत्यक्ष जेथून पाय सुटला त्या चवड्याच्या टोकापासून मोजावी.

आठवीतील एका विद्यार्थिनीचे उदाहरण म्हणून घेऊ. तिच्या उड्या चार पावलांवरून 2.90 मीटर, सहा पावलांवरून 3.25, आठ पावलांवरून 3.50 आणि दहा पावलांवरून 3.62 मीटर भरल्या. बारा पावलांवरून मात्र तिची उडी 3.48 मीटर झाली. बारा पावलांच्या शेवटी तिचा वेग निश्चितच अधिक होता. पण तो वेग पेलण्याची क्षमता तिच्या टेक-ऑफमध्ये अद्याप आलेली नव्हती. अशा वेळी तिची धाव दहा पावलांचीच ठेवावी. काही आठवड्यांच्या सरावानंतर बारा पावलांची पुन्हा चाचणी घ्यावी. निष्णात खेळाडू वीसच्या आसपास पावलांची धाव घेतात, ही माहिती या विद्यार्थिनीसाठी आज उपयोगाची नाही.

आता ही दहा पावले अंतरात बदलायची. त्यासाठी हौदापासून दूर, सपाट धावमार्गावर एक रेषा आखावी. विद्यार्थिनीने त्या रेषेवर डावा पाय ठेवून सहा वेळा, पुरेशी विश्रांती घेत, उडीसाठी धावते तशीच धाव घ्यावी. दहावे पाऊल कोठे पडते ते शिक्षकाने पाहावे. समजा, अंतरे 14.60, 14.95, 14.70, 14.85, 14.30 आणि 14.80 मीटर आली. यातील 14.30 ची धाव सुस्त सुरुवातीमुळे आखूड झालेली दिसते. सरासरी काढल्यास अशी एखादी धाव हिशेब बिघडविते. त्याऐवजी अंतरे चढत्या क्रमाने लावून मधल्या दोहोंचा, म्हणजे 14.70 व 14.80 यांचा मध्य घ्यावा. तो 14.75 मीटर येतो. ही तिची सुरुवातीची खूण. टेक-ऑफ रेषेपासून मागे 14.75 मीटर मोजून ती धावमार्गाच्या कडेला करावी.

त्याच धावांत सहावे पाऊल कोठे पडते हेही नोंदवावे. ते सुरुवातीपासून सुमारे 8.05 मीटरवर पडत असेल, तर टेक-ऑफ रेषेपासून ते 6.70 मीटर मागे येते. येथे धावमार्गाच्या कडेला शिक्षकाने आपल्यासाठी दुसरी खूण करावी. हिला चेक मार्क म्हणतात. विद्यार्थिनीने या खुणेकडे पाहावयाचे नाही. ती शिक्षकासाठी आहे. शेवटच्या चार पावलांत नेमके काय बिघडते, हे ती सांगते.

फळी आणि फाऊल : निदानाची रीत

फळीचा वापर सर्वांत शेवटी सुरू करावा. फळी 20 सेंटिमीटर रुंद असते आणि तिच्या हौदाकडील कडेला टेक-ऑफ रेषा म्हणतात. पूर्वी रेषेपलीकडील प्लॅस्टिसीनवर बुटाची खूण उमटली की फाऊल दिला जात असे. नोव्हेंबर 2021 पासून लागू झालेल्या नियमानुसार, टेक-ऑफ करताना पायाचा किंवा बुटाचा कोणताही भाग त्या रेषेच्या उभ्या प्रतलापुढे गेल्यास फाऊल ठरतो. जुन्या पुस्तकांतून अभ्यास करणाऱ्यांनी हा बदल लक्षात ठेवावा. रेषेच्या मागून कितीही अंतरावरून उडी मारता येते, परंतु मोजमाप रेषेपासूनच होते.

आपल्या उदाहरणातील विद्यार्थिनीने फळीवर पहिल्या तीन उड्या मारल्या. तिन्ही वेळा तिचा पाय टेक-ऑफ रेषेच्या सुमारे 35 सेंटिमीटर मागे पडला. पाय सुटल्यापासूनची तिची उडी 3.62 मीटरच होती, पण नोंद झाली 3.27 मीटरची. शालेय स्पर्धेत एवढ्या फरकाने अंतिम फेरी हुकू शकते. आठांपेक्षा अधिक स्पर्धक असल्यास प्रत्येकाला तीन संधी आणि त्यानंतर पहिल्या आठांनाच पुढील संधी, ही सर्वसाधारण रीत आहे.

येथे शिक्षकाला चटकन सुचणारा उपाय म्हणजे सुरुवातीची खूण 35 सेंटिमीटर पुढे सरकविणे. तो योग्य आहे की नाही, हे चेक मार्क पाहिल्याशिवाय ठरविता येत नाही. तीन शक्यता असतात.

पहिली शक्यता अशी की, सहावे पाऊलही चेक मार्कच्या मागे तितक्याच अंतरावर पडते आहे आणि प्रत्येक उडीत तसेच होते. याचा अर्थ धाव एकसारखी आहे, मोजणी तेवढी चुकली आहे. अशा वेळी सुरुवातीची खूण 35 सेंटिमीटर पुढे घेणे बरोबर आहे. समोरून वारा असल्यासही पावले आखूड पडून असेच घडते आणि खूण थोडी पुढे घ्यावी लागते. पाठीमागून वारा असल्यास ती मागे न्यावी लागते.

दुसरी शक्यता अशी की, सहावे पाऊल कधी खुणेच्या मागे, कधी पुढे पडते. येथे दोष सुरुवातीत आहे. विद्यार्थिनी कधी उभी राहून, कधी चालत येऊन, कधी झुकून धाव सुरू करीत असते. खूण सरकविण्याने काहीच साधत नाही. सुरुवातीची पद्धत एकच ठरवून पहिल्या चार पावलांचाच सराव वेगळा घ्यावा.

तिसरी शक्यता अशी की, सहावे पाऊल दरवेळी चेक मार्कवर अचूक पडते आणि तरीही पाय फळीच्या मागे राहतो. आपल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत हेच आढळले. मोकळ्या धावेत 6.70 मीटर भरणारी तिची शेवटची चार पावले फळी समोर दिसताच 6.35 मीटरमध्ये आटोपत होती. तिची नजर फळीवर होती आणि फळी चुकेल या धास्तीने ती पावले आखूड करीत होती. या स्थितीत खूण 35 सेंटिमीटर पुढे घेतली असती, तर फळी तिला आणखी जवळ दिसली असती आणि तिने पावले आणखीच आखूड केली असती. एक-दोन उड्या कदाचित फळीवर पडल्या असत्या. पण पावले आखूड करण्याची सवय पक्की झाली असती, आणि ज्या दिवशी ती मोकळेपणाने धावली असती त्या दिवशी फाऊल झाला असता.

म्हणून येथे सुरुवातीची खूण तशीच ठेवून फळी दूर करावी लागते. शिक्षकाने पुन्हा एक मीटर रुंदीचा चुन्याचा पट्टा आखावा, हौदापलीकडे डोळ्यांच्या उंचीवर एखादी ठळक वस्तू नजरेसाठी नेमून द्यावी आणि पाय कोठे पडला याची नोंद स्वतःकडेच ठेवावी. पाऊल पुन्हा पुन्हा पट्ट्याच्या त्याच भागात पडू लागले, म्हणजे पट्टा क्रमाने साठ, चाळीस आणि अखेर वीस सेंटिमीटरपर्यंत अरुंद करावा. वीस सेंटिमीटरचा पट्टा म्हणजे फळीच होय. विद्यार्थिनीला ती नव्याने गाठावी लागत नाही.

या मोजणीलाही मुदत असते. वाढत्या वयाच्या मुलांची पावले काही महिन्यांतच लांब होतात. गवताळ मैदानावर ठरविलेली खूण कठीण मातीच्या धावमार्गावर जुळत नाही. म्हणून प्रत्येक स्पर्धेच्या ठिकाणी, सरावाच्या वेळेत, टेपने खूण करून दोन-तीन धावा घेणे व गरजेप्रमाणे ती बदलणे, हा अध्यापनाचाच भाग समजावा.

पाठांची विभागणी

आठवड्याला दोन तासिका मिळतात असे धरल्यास वरील क्रम साधारण आठ तासिकांत बसविता येतो. पहिली तासिका हौदाची ओळख व जागेवरील उडीसाठी, पुढील तीन तासिका चार ते सहा पावलांवरील टेक-ऑफसाठी, पाचवी हवेतील स्थितीसाठी, सहावी व सातवी धाव वाढविण्यासाठी व मोजण्यासाठी आणि आठवी फळीवरील उडीसाठी ठेवावी. प्रत्येक तासिकेच्या शेवटी एक-दोन संपूर्ण उड्या माराव्यात, म्हणजे सुटे भाग एकत्र जोडले जातात. एका विद्यार्थ्याकडून एका तासिकेत जोरदार टेक-ऑफ असलेल्या उड्या दहा-बारापेक्षा अधिक मारून घेऊ नयेत. टाच, घोटा व नडगी यांवर येणारा ताण मोठा असतो. पाय थकला की आधी बिघडतो तो टेक-ऑफच, आणि मग सराव चुकीच्याच क्रियेचा होतो.

एखादा टप्पा पुरा झाला की नाही, हे तासिकांच्या संख्येवरून ठरत नाही. वाळूतील खूण, टेक-ऑफनंतर पुढे धावत जाता येणे आणि चेक मार्कवर पडणारे पाऊल, या तीन पुराव्यांवरून ते ठरते. यांपैकी एखादा पुरावा बिघडलेला दिसल्यास दोन पावले कमी करून मागील टप्प्यावर जावे. धाव पुन्हा वाढविता येते. वेगात रुजलेली चूक मात्र सहज काढता येत नाही.

स्वाध्याय

1. लांब उडीत टेक-ऑफचा कोन 45 अंशांपेक्षा बराच कमी का असतो, ते उदाहरणासह स्पष्ट करा.

2. उड्डाणात गुडघे लवकर पोटाशी घेतल्यास उडी आखूड का होते?

3. एका विद्यार्थ्याचे चेक मार्कवरील पाऊल दरवेळी अचूक पडते, परंतु टेक-ऑफचा पाय रेषेच्या 25 सेंटिमीटर मागे राहतो. दोष कोठे आहे व तो कसा दूर कराल?

4. एका विद्यार्थ्याच्या उड्या सहा पावलांवरून 3.40, आठ पावलांवरून 3.70 व दहा पावलांवरून 3.55 मीटर भरल्या. त्याच्यासाठी किती पावलांची धाव निश्चित कराल? कारण द्या.